शेपटाकडून धरलेली चाल

त्याने काउंटरवर बोटांनी ठेका धरला आणि तीच ओळ सहाव्यांदा गुणगुणला. मी म्हटलं, "पहिलं ते टेबल बडवणं बंद कर."

मुलुंडला माझं कॅसेटचं दुकान. आता जुन्या कॅसेट पेनड्राइव्हवर भरून देतो. पण नाव विसरलेलं गाणं शोधायला माणसं अजून येतात. आमची ही गल्ल्यावर असायची तेव्हा दोन ओळींत ओळखायची. गेल्या वर्षी गेली. आता माझ्या कानावरच चाललंय.

या माणसाच्या आईला पॅरालिसिस झालेला. वाचा गेली. दिवसभर एकच चाल गुणगुणायची, शब्द नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, बोलता येत नाही अशा माणसाला कधीकधी ओळखीचं गाणं शब्दांसकट म्हणता येतं, तेच तिच्याबरोबर म्हणा. पण गाणं कुठलं? मोबाइलला ऐकवून झालं, त्याला सापडलं नाही.

आम्ही सिनेमातली चाळली. मुखडा म्हणजे गाण्याचं तोंड, अंतरा म्हणजे मधलं कडवं. अंतऱ्यात आवाज बहुतेक वर चढतो. हा चढतच नव्हता. भजन म्हणावं तर टाळाला जागा नाही.

ठेका सोडल्यावर त्याची चाल आपोआप सैल झाली. झुलायला लागली. मी विचारलं, "आई हीच ओळ पहिली म्हणते?"

"नाही काका. आधी काहीतरी पुटपुटते, ते दरवेळी वेगळं. हे मात्र तेच. म्हणून हेच पाठ झालं."

"अरे मग तू शेपूट धरून आलायस. तोंड दाखव."

तो आठवून आठवून गुणगुणला. एक लांब ओळ, छोटासा थांबा, दुसरी लांब ओळ, परत तसाच थांबा, मग ते शेपूट. त्या थांब्यात माझा हात आपोआप पुढे गेला, दोरी ओढल्यासारखा. बारशाला आमची ही अख्ख्या चाळीत पाळणे म्हणायची. कडवं बदलायचं, शेवटचं 'जो जो रे' तेच. लांब ओळ संपली की पाळण्याला एक झोका.

"पाळणा आहे रे," मी म्हटलं.

त्याने मोबाइल काढला. बहीण आईजवळ होती, तिला फोन लावला, स्पीकर केला. मी त्याला म्हटलं, लांब ओळी नुसत्या गुणगुण आणि शेपटाआधी थांब.

तो थांबला.

फोनमधून घोगरा आवाज आला, "जो... जो रे." मग त्याचं घरातलं नाव, त्याच चालीत, अगदी स्वच्छ.

मी या धंद्यात म्हातारा झालो. असं कधी ऐकलं नव्हतं. मी गल्ल्यामागच्या रिकाम्या स्टुलाकडे बघितलं. तिने हे पहिल्याच ओळीत सांगितलं असतं.

हल्ली गिऱ्हाईक गुणगुणायला लागलं की आधी विचारतो, ही सुरुवात की शेवट?