सगळ्यांचा एकच नंबर

मी बँकेतून निवृत्त झालेली, म्हणून कोपरखैरण्याच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात सोशल मीडियाची खाती सुरक्षित कशी ठेवायची, यावर दहा मिनिटं बोलायचं काम माझ्याकडे आलं.

"पासवर्ड विसरलात, तर खातं परत मिळवायचा कोड नोंदवलेल्या नंबरवर येतो," मी म्हटलं. "सेटिंगमध्ये बघा बरं, तिथे कोणाचा नंबर आहे?"

सगळ्यांनी चष्मे सावरले. पहिल्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, "शेवटी सत्तेचाळीस दिसतंय."

"माझापण सत्तेचाळीस!" मागून आवाज आला. मग तिसरा, चौथा. सगळ्या माना सेक्रेटरीकाकांकडे वळल्या. खाती त्यांनीच हौसेने उघडून दिली होती.

"टेन्शन कशाला? कोड आला की मी सांगेन ना," काका म्हणाले आणि मधेच थबकले. "पण तो नंबर मी गेल्या वर्षी बंद केला."

बंद केलेला नंबर पुढे दुसऱ्या कोणाला मिळू शकतो, हे सांगितल्यावर एकच गलका झाला. नशीब, सगळ्यांची खाती फोनवर चालू होती. मी तिथेच प्रत्येकाला स्वतःचा नंबर टाकायला आणि जुना काढायला लावलं. कोड येऊ लागले, तसे सगळे ते मोठ्याने वाचू लागले.

"अहो, कोड कोणाला सांगायचा नसतो!" मी ओरडले.

"मग हळू वाचतो," एक आजोबा म्हणाले.

सेक्रेटरीकाकांच्या खात्याला मात्र काकूंचा नंबर निघाला. तो बदलायला काकूंनी साफ नकार दिला.