लालासाहेबांची टाकी

इस्लामपूरचे निवृत्त सुभेदार लालासाहेब मुलाच्या मुखत्यारपत्राची प्रत खिशात घालूनच हिंडायचे. विलास मस्कतला. वकिलातीचा शिक्का घेऊन त्याने आपले इथले खाते चालवायचा अधिकार वडिलांना दिला होता. घराच्या बांधकामाचे चेक सुभेदार रुबाबात द्यायचे. इथवर ठीक होते. पण मुलींच्या शाळेच्या सभेत उठून त्यांनी पाण्याची टाकी जाहीर केली, आणि स्वतःच्या नावाचा फलकही रंगवून घेतला.

बँकेच्या मॅनेजरांनी शाळेच्या नावाचा चेक परत सरकवला. "गवंड्याचे पैसे द्या, सुभेदार. देणगी मात्र खातेदारानेच स्वतःच्या सहीने द्यायची."

"आवं, मी बाप हाय त्येचा."

"घरी बाप. इथं मुखत्यार."

आता गावात तोंड कसे दाखवायचे? मनुबाई नवऱ्याला म्हणाल्या, "तुमच्या पेन्शनीतनं द्या की." ते सुभेदारांना ऐकूच गेले नाही. त्यांनी निमूट विलासला पत्र लिहिले.

महिन्याने विलासच्या सहीचा चेक आला. सोबत एकच अट होती: टाकीवर आईचे नाव हवे.

फलक पुन्हा रंगवायची मजुरी तेवढी पेन्शनीतून गेली.