तो शनिवार
भाजलेल्या बार्लीच्या चहाचा वास आला की सिंगापूरच्या तांजोंग पगारमधलं ते लहानसं कोरियन हॉटेल आठवतं. मी तेव्हा पोस्टडॉक करत होतो, आणि लॅबमधली एक कोरियन मैत्रीण दर शनिवारी तिथे जेवताना मला तिची भाषा शिकवायची. त्या दुपारी मी धीर करून, मालिकांतून पाठ केलेलं ‘सारांगहेयो’ म्हणून टाकलं. तिने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. “प्रेम आहे, हे फार पुढचं,” ती हळू आवाजात म्हणाली, “महिनोन्‌महिने कुणी ते उच्चारत नाही. आधी ‘जोआहेयो’, तू मला आवडतेस. मग ‘साग्विल्लेयो’, आपण जोडी व्हायचं का. समोरच्यानं हो म्हटलं की तो नात्याचा पहिला दिवस. तोवर कितीही एकत्र फिरलो तरी आपण एकमेकांचे कुणी नाही. आधी बोलणाऱ्याला म्हणूनच भीती, नकार आला तर मैत्रीही जाते.” मी मान खाली घालून हे वहीत उतरवू लागलो. तिने वही मिटली. “लिहू नकोस. म्हण.” मी दोन्ही वाक्यं अडखळत म्हटली. माझ्या कपात चहा ओतत ती म्हणाली, “आज पहिला दिवस.” आता तो चहा आमच्याच स्वयंपाकघरात उकळतो, आणि कुणी लग्नाची तारीख विचारली की ती आधी तो शनिवार सांगते.