उष्टा शब्द

देवापुढे बसून रागावू नये, असं माझ्या आईने मला शिकवलंय. पण आज दिवा लावतानाच मनात राग होता. स्तोत्र मध्येच चुकलं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडले. शेवटी देवालाच सांगितलं, "तू जरा थांब बाबा, आधी मी हे लिहून मोकळी होते, मग तुझ्याकडे स्वच्छ मनाने येते." म्हणून आज वहीत भाजी नाही, पाहुणे नाहीत, कुणाचं दुखणंखुपणं नाही. आज फक्त आमच्या वन्सं.

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "माझं कानांशी लग्न लागलंय." भाषेची पाहणी करणाऱ्या कार्यालयात त्यांनी उभा जन्म काढला. घरोघरी जायचं, माणसांना बोलतं करायचं, ते बोलणं यंत्रावर घ्यायचं आणि कार्यालयात बसून, कानाला ती स्पंज झिजलेली यंत्रं लावून, शब्दन् शब्द कागदावर उतरवायचा. माणूस अडखळला तर अडखळणंही लिहायचं. त्यांचा एकच नेम होता: कानाने ऐकलं तेच हाताने लिहायचं, मध्ये डोकं घालायचं नाही. माझं सोवळं एक वेळ मोडेल, त्यांचं हे सोवळं कधी मोडलं नाही.

घरात मात्र वैताग. जेवताना कोणी काही बोललं, की वन्संचा घास हवेत. "काय म्हणालास दादा? पुन्हा म्हण." मग हे चिडायचे, "आपल्याच घरात बोलायची चोरी झालीय. आमटी वाढा म्हटलं, तर ही त्याचा पंचनामा करणार!"

"'म्हटलं' म्हणालास," वन्सं खुशीत म्हणायच्या, "काल 'म्हणलं' म्हणाला होतास."

मला आधी वाटायचं, ही नवी पिढी भाषेची वाट लावतेय. मी तसं बोललेही. वन्सं कट्ट्यावर टेकून शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "वहिनी, म्हणते, म्हणेन, म्हणायचं, म्हणून. सगळीकडे काय ऐकू येतं? ण. आणि झालेलं सांगताना तेवढं मध्येच म्हटलं. सगळ्या घरात एकच पोर वेगळ्या तोंडवळ्याचं. पुढची पिढी त्याला भावंडांसारखं करून टाकते. म्हणलं. मोडत नाहीत हो, घडी नीट घालतात. गिळते-गिळलं, चावते-चावलं, तर पिते-पिलं. प्याले कुठून सुचणार त्यांना?"

"मग केलंचं करलं का नाही झालं?" मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही.

"आपली चिमणी म्हणत नव्हती?" चिमणी म्हणजे माझी नात. "आधी छान केलं म्हणायची, ऐकून ऐकून. मग नियम सापडला आणि सुरू झाली, मी करलं, मी करलं. आता पुन्हा केलं. कारण केलं, गेलं, आलं दिवसभर कानावर आदळतं, चुकीला मूळ धरायला फुरसत नाही. पण चाकवाने कोण ऐकवतंय तिला? भाऊ-भावाला, विंचू-विंचवाला, तसं पूर्वी चाकू-चाकवाला होतं. भाऊ रोजचा, म्हणून तो टिकला. चाकू एवढा तोंडात येत नाही, त्याचं चाकूला झालं. तुमच्या भांड्यांसारखंच आहे. रोज घासता ती लखलखतात, माळ्यावरची काळी पडतात."

"आणि माझ्या स्तोत्रात जुने शब्द कसे राहिले?"

"ते तुम्ही पाठ केलंय. पाठ केलेलं माणूस नव्याने जुळवत नाही, आहे तसं उचलतो. तुमचा देव जुन्या रूपांचा राखणदार आहे बरं का!"

देवाला राखणदार म्हटल्यावर मी जरा घुश्श्यातच होते, पण मनातून पटलं.

तर अशा आमच्या वन्संनी नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात एक काम अंगावर घेतलं. एकाच घरातली आजी, तिची सून आणि नात, तिघींना वेगवेगळं बसवून बोलतं करायचं. अशी कितीतरी घरं. आज्या म्हणायच्या प्याले, म्हटलं, चाकवाने. नाती म्हणायच्या पिलं, म्हणलं, चाकूने. आणि मधल्या बायका, म्हणजे माझ्यासारख्या, दोन्ही, कधी एकाच वाक्यात. "ही मधली पायरी महत्त्वाची," वन्सं सांगायच्या. "शब्द एका रात्रीत बदलत नाही. जुना आणि नवा आधी एकाच तोंडात शेजारी राहतात." कार्यालयाच्या पुस्तकात त्याचं एक प्रकरण निघणार होतं. वन्संच्या नावाने निघणारी पहिलीच गोष्ट.

गेल्या आठवड्यात छपाईआधीची प्रत आली. वन्संनी दोन पानं उलटली आणि प्रत माझ्यापुढे धरली. आजी: म्हटलं. सून: म्हटलं. नात: म्हटलं. पाचवीतली पोर चाकवाने पेन्सिल तासत होती! वर ठळक अक्षरात निष्कर्ष: तीन पिढ्यांत भाषा अभंग राहिली आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर कार्यालयात गेले. ह्यांनी अडवलं, मी ऐकलं नाही. नवे साहेब तरुण, बोलायला गोड, टेबलावर काचेखाली सुविचार.

"बाई, तुमचं कष्टाचं काम आहे," ते म्हणाले, "पण लोकांचं अशुद्ध जसंच्या तसं छापायचं? हसतील आपल्याला. मी फक्त शुद्ध करून घेतलं."

"साहेब, ते अशुद्ध हेच तर काम होतं," वन्सं म्हणाल्या. अगदी हळू आवाजात. "मूळ आवाज काढा. मी पुन्हा उतरवते."

"आवाज? मजकूर अंतिम झाला ना, मग आवाजाची कार्डं पुसून पुढच्या फेरीला दिली. जागा अडते हो."

वन्संनी प्रत मिटून पिशवीत ठेवली. मला मात्र राहवलं नाही. "अहो, डॉक्टरने रोग्याचा ताप उतरलेला लिहून टाकला, तर ताप उतरतो का? त्या म्हाताऱ्यांतल्या निम्म्या देवाघरी गेल्या. त्यांचा आवाज तुम्ही जागा अडते म्हणून पुसलात? घरी आईचा फोटो आहे का तुमच्या? की तोही जागा अडते म्हणून..."

"वहिनी, पुरे."

साहेब हसले. मेलं ते हसणं अजून डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणाले, "सोमवारी छपाईला जातंय. तोपर्यंत एखाद्या घराचा जरी आवाजासकट पुरावा दिलात, तर तुमचं प्रकरण तुमच्या पद्धतीने घेऊ. नाहीतर आहे तसं जाईल. नाव तुमचंच राहील, काळजी नको."

नाव राहणार, हीच तर काळजी होती.

एक घर हाताशी होतं. आमचंच. सासूबाई, मी आणि चिमणी; नातीऐवजी पणती, एवढाच फरक. वन्संनी घरचं माणूस कधी घेतलं नव्हतं, पण आता इलाज नव्हता. मी दोन्ही बोलते, चिमणी नवंच बोलते, हे लगेच मिळालं. उरल्या सासूबाई. त्यांच्यापुढे यंत्र ठेवून वन्सं सबंध सकाळ बसल्या. नियम असा, की हवा तो शब्द आपण उच्चारायचाच नाही. त्याच्या भोवती फिरायचं, त्याने आपणहून बाहेर यायचं. आणि सासूबाई! लग्नाची गोष्ट सांगितली, मेलेल्या गाईची सांगितली, शेजारणीच्या तीन पिढ्या काढल्या. दुधाचा पेला पुढे केला, त्यांनी रिकामा केला.

"आई, काय केलंस आत्ता?"

"काय केलं? संपवलं."

चाकू दाखवला, सफरचंद दाखवलं. "हे कशाने कापलं?"

"तुझ्या बायकोने कापलं असेल," म्हणून त्या दारात उभ्या ह्यांच्याकडे बघून हसल्या.

दुपार झाली. वन्संच्या कपाळावर घाम. आणि मग त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगं आई, तू दूध प्यालीस ना?"

"प्याले की!"

मी देवघराकडे बघून हात जोडले. मिळालं! ह्यांनी बाहेरून "शाब्बास म्हातारे" म्हटलं. वन्सं यंत्राकडे बघत राहिल्या. मग बोट पुढे केलं, कळ दाबली आणि तेवढं सगळं पुसून टाकलं.

"अहो, काय करताय!" मी ओरडलेच. "त्यांनी म्हटलं! आम्ही सगळ्यांनी ऐकलं!"

"मी म्हटलं वहिनी. तिने फक्त परत दिलं."

"शब्द तर त्यांचाच आहे ना? जन्मभर तोच बोलल्यात!"

"असेल. पण हा माझ्या तोंडातून निघालेला आहे." यंत्र बंद करत म्हणाल्या, "तुम्ही देवाला उष्टं दाखवता का?"

ते कळलं. पण राग गेला नाही. साहेबाने ढीगभर खोटं छापायचं आणि ह्यांनी एका खऱ्या शब्दासाठी एवढं कडक व्हायचं! न्याय असा असतो का? संध्याकाळी मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी कार्यालयाला चार ओळी पाठवल्या: पुरावा नाही, प्रकरणावरून माझं नाव काढावं. साहेबांचं उत्तर लगेच आलं. त्यांनी समाधान व्यक्त केलं होतं. प्रकरण आता त्यांच्या नावाने जाणार. काल सोमवार होता. गेलं.

आज सकाळी, देवाशी भांडायच्या आधी, मी ओट्याशी होते. पलीकडे सासूबाई चिमणीला दूध पाजत होत्या. पोर नाटकं करत होती. सासूबाईंनी आपला पेला उलटा करून दाखवला.

"हे बघ, मी सगळं पिलं. तू पिलंस का?"

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. दारात वन्सं उभ्या होत्या. त्यांनीही ऐकलं होतं. पोरीबरोबर बोलून बोलून म्हातारीच्या तोंडात नवा शब्द कधी येऊन बसला, आम्हाला पत्ता नाही. तो परवाचा 'प्याले' ठेवला असता, तर आमच्या घरची आजी फक्त जुनंच बोलते, असं छापून आलं असतं. साहेबाच्या खोट्याशेजारी आमचंही एक.

"वन्सं," मी म्हटलं, "बरं झालं पुसलंत."

त्या हसल्या नाहीत. "बरं कसलं? त्या सगळ्या बायका गेल्या की हो वहिनी. त्यांचं कोण परत आणणार?" डोळे पुसले, आत गेल्या, यंत्र घेऊन आल्या. कार्यालयाचं नाही, स्वतःचं. सासूबाईंच्या मागे, फडताळात, भांड्यांच्या आड ठेवलं. "आई, तू बोलतेस ते घेऊ का? रोज थोडं?"

"घे की. माझ्या बोलण्याला काय कर बसतोय?"

माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

मी तोंडाला कुलूप लावलंय. म्हणूनच हे लिहून काढलं. त्या साहेबाला देव सद्बुद्धी देवो असं म्हणणार होते, पण आज खोटं बोलायचं नाही. मनात ते नाही. जे आहे ते देवाला तोंडीच सांगते.