डेल्टा आधी, एक्स मागून

नगरच्या कॉलेजात गणितातल्या रिअल अ‍ॅनालिसिसच्या असाइनमेंटवर सरांची सही नसेल, तर परीक्षेला बसता येत नसे. शेवटच्या दिवशी दहा मिनिटं उरली होती. x दोनकडे जाताना x² ची लिमिट चार, एवढंच सिद्ध करायचं होतं. x² आणि चार यांतलं अंतर दिलेल्या ε (एप्सिलॉन) पेक्षा कमी राहावं, म्हणून x दोनच्या किती जवळ हवा, तो δ (डेल्टा). मी ऐटीत ε भागिले |x+2| हाच δ ठेवला होता.

"डेल्टा आधी ठरतो, एक्स मागून येतो," सर म्हणाले. "तुमचा डेल्टा एक्सला विचारून ठरतोय, पंडित!"

मी ते खोडलं. δ एकापेक्षा मोठा नको. मग x एक ते तीनमध्ये आणि |x+2| पाचाहून कमी. म्हणून δ म्हणजे १ आणि ε/५ यांतला लहान. |x²−4| = |x−2||x+2| हे ५δ पेक्षा कमी, आणि ५δ जास्तीत जास्त ε.

सरांनी दोनदा वाचलं. "आता कुणी कितीही बारीक एप्सिलॉन देऊ दे, तुमचा डेल्टा तयार आहे," म्हणत त्यांनी सही केली.