नऊशेचा फ्लॅट आणि साडेसातशेचा

दत्तोपंत जाऊन दोन महिने होत आले, तरी त्यांची लेक हिमानी रडली नव्हती. रडू येतच नव्हतं तिला. बाबांसोबत जिथे राहायची, त्या मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये ती आता एकटीच उठायची, भात शिजवायची, निम्मा टाकून द्यायची आणि धरमपेठेत ऑफिस गाठायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "ठीक आहे." आणि खरंच, वाईट म्हणावं असंही तिला काही वाटत नव्हतं.

बाबांचे फ्लॅट दोन, एकाच रस्त्यावर, एकाच बिल्डरच्या शेजारशेजारच्या इमारतींत. वाटणीला बसले तेव्हा गिरिधरकाकांनी कागद वाचले: हिमानी राहते तो नऊशे फूट, रिकामा पडलाय तो साडेसातशे.

"हिमानीले मोठा द्या," तिचा भाऊ विक्रम म्हणाला. "मले लहान चालते."

"पाय बरं! भाऊ असावा तर असा," काका गहिवरले. काकूंनी तर डोळ्यांना पदर लावला. हिमानीने मान हलवली. वाटणीपत्र वकिलाकडे टाइपला गेलं.

आता गंमत बघा. ही बाई वीस वर्षं काय करत होती? बँकेचं कर्ज मिळायच्या आधी फ्लॅटची किंमत ठरते ना, तसल्या ऑफिसात अहवाल टाइप करत होती! कार्पेट म्हणजे घराच्या आतली, चटई अंथरता येईल ती जागा; सुपर बिल्ट-अप म्हणजे त्यात बाहेरच्या भिंती, बाल्कनी, वरून जिन्याचा आणि लिफ्टचा वाटा मिळवून फुगवलेला आकडा. तिच्या फ्लॅटच्या जुन्या करारात हा फुगलेला आकडा होता, दुसऱ्याच्या खरेदीखतात कार्पेटचा. एरवी तिने झोपेतही पकडलं असतं. पण डोकंच बधिर झालेलं, त्याला कोण काय करणार!

जाग आली ती चिन्मयीमुळे. ऑफिसातल्या या मैत्रिणीने मोबाइल पुढे केला. "तुमच्या बाजूच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट निघालाय. नणंदेसाठी बघतेय गं. हजार पन्नास फूट सुपर बिल्ट-अप, पंचेचाळीसशे रुपये फूट. बरा आहे का?"

फोटोतली हिरवी खिडकी बाबांनी स्वतः रंगवलेली. खाली नंबर विक्रमचा.

विकायला हजार पन्नास आणि वाटणीत साडेसातशे! फ्लॅट तोच, भाऊ तोच. हिमानीला राग यायला हवा होता. तिने आत चाचपून पाहिलं. राग काही सापडला नाही.

रविवारी तिने टेप काढला आणि एकटीनेच खोल्या मोजल्या. भिंतीपासून भिंतीपर्यंत, बाल्कनी सोडून. कार्पेट भरलं सहाशेचाळीस. मग हिशेब सोपा होता. विक्रमच्या फ्लॅटचे सव्वासत्तेचाळीस लाख साडेसातशे कार्पेटवर पसरले, तर फुटाला त्रेसष्टशे पडतात. त्याच दराने तिचे सहाशेचाळीस फूट झाले चाळीस लाखांच्या थोडे वर. मोठा म्हणून तिच्या पदरात टाकलेला फ्लॅट सात लाखांनी लहान होता.

पैशांचं तिला फार नव्हतं. दादाला कार्पेट कळत नसेल, कुणीतरी सांगितलं तसं त्याने जाहिरातीत टाकलं असेल, एवढं एकच तिला हवं होतं. तेवढं खरं निघालं असतं तर ती गपचूप सही करून मोकळी झाली असती.

सहीच्या आदल्या दिवशी काकांच्या घरी तिने विचारलं, "दादा, तुझा फ्लॅट किती फुटांचा?"

"साडेसातशे. कागदात आहे ना."

"जाहिरातीत हजार पन्नास आहे."

विक्रमचा चेहरा उतरला. काका एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले.

"काहून असं बोलून राहिली वं? विकताना सगळे तसंच लिहितात," तो म्हणाला. हिमानी ओरडली असती तर तोही ओरडला असता. पण तिच्या थंडपणापुढे त्याचा धीर सुटला. "बरं बाबा, देतो फरक! तुझे सहाशेचाळीस, माझे साडेसातशे. साडेतीन लाख तुले दिले की दोघांचं सारखं. झालं समाधान?"

हिशेब बरोबर होता. सात लाखांचे निम्मे.

"सहाशेचाळीस तुला कुणी सांगितलं?" हिमानीने विचारलं. "कुठल्याच कागदात नाही ते. मी मोजलं ते कुणाला बोलले नाही."

विक्रम समोरचे कागद उगाच सारखे करायला लागला.

"तू कधी मोजलंस, दादा?"

उत्तर तिचं तिलाच मिळालं. घराची किल्ली त्याच्याकडे एकदाच गेली होती, बाबा अतिदक्षता विभागात होते तेव्हा. ती तिथे बाकावर झोपायची आणि घराकडे तो बघायचा.

"बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, विक्रम काहून नाही आला," ती म्हणाली. "मी सांगायची, त्याला ऑफिसातून निघता येत नाहीये."

आणि दोन महिन्यांनी, काकांच्या बैठकीत, सगळ्यांदेखत ती हमसून हमसून रडायला लागली.