पोटाची डावी बाजू

माझे सासरे दिग्रसच्या जिनिंगमध्ये फिटर होते. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांची सारी उमर त्यांनी मरम्मत केली. कापसाचे दिवस फिरले, गावातल्या जिनिंगा एकेक करून थंड पडत गेल्या, तेव्हा ते घरी बसले. सासूबाई आधीच गेल्या होत्या. नवरा नागपूर-हैदराबाद हायवेवर ट्रक चालवायचा, त्यामुळे महिन्यातले बरेच दिवस घरात मी आणि मामाजी, म्हणजे सासरे, असे दोघंच. आम्ही एकमेकांशी बोलायचो ते कामापुरतं. जेवण झालं का, गोळी घेतली का, दार लावलं का. त्यांच्यासमोर माझा पदर डोक्यावर असायचा, आणि ते आंघोळीला निघाले की मी मागच्या दाराने बाहेर जायची. त्याला आम्ही अदब म्हणायचो.

त्या उन्हाळ्यात ते एका नात्यातल्या लग्नाला घाटंजीला जाऊन आले. एसटीत ऊन, मांडवात ऊन, आणि पाणी पोटभर मिळालं नसावं. परत आल्यावर दोन-तीन वेळा उलट्या झाल्या. जेवण सुटलं. पण बीपीच्या गोळ्या मात्र त्यांनी सोडल्या नाहीत. एक बीपीची आणि एक ती लघवी जास्त व्हायची, जिला आमच्याकडे पाण्याची गोळी म्हणतात. डॉक्टरांनी एकही दिवस चुकवू नका असं बजावलं होतं, आणि मामाजी यंत्राला तेल द्यावं तशा शिस्तीने त्या घेत. उठताना भिंत धरत होते ते मी पाहिलं होतं. उन्हाचं असेल म्हणून लिंबूपाणी दिलं, त्यांनी दोन घोट पिऊन ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते संडासातून बाहेर आले आणि ओट्यावरच बसले. पोट धरून वाकले होते, कपाळावर घाम, ओठ पांढरे. काय झालं विचारलं तर काही नाही म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा घाईघाईने आत गेले. मग पुन्हा. तिसऱ्यांदा आत पाणी ओतल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, आणि माझ्या लक्षात आलं की ते काहीतरी धुऊन टाकताहेत.

मी दाराशी गेले. "मामाजी, रक्त पडून राह्यलं का?"

ते खाली बघत राहिले. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं काही विचारलं नव्हतं. मग हळूच म्हणाले, "मूळव्याध असंन. तू नोको पाहू."

मी पाहिलं. पाणी ओतूनही राहिलेल्या पातळ संडासात लालभडक रक्त मिसळलेलं होतं. मला वाटलं, कॅन्सर. मी हाक मारून बोलावलेल्या शेजारच्या बाईलाही तेच वाटलं असणार, कारण तिने काही न विचारता रिक्षा बोलावून आणली.

गावातल्या डॉक्टरांनी बीपी मोजलं, पुन्हा मोजलं. वरचा आकडा नव्वदच्याही खाली होता. त्यांनी पोट दाबलं. डाव्या बाजूला हात लागताच मामाजी कळवळले. दुखणं आधी सुरू झालं की रक्त, असं डॉक्टरांनी विचारलं. मामाजी माझ्याकडे पाहू लागले, तेव्हा मीच सांगितलं, आधी एकदम कळ आली, रक्त नंतर. सलाईन लावून, त्या दिवसाच्या बीपीच्या गोळ्या बंद करून, त्यांनी आम्हाला जीपने यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं.

तिथे दाराशीच एका तरुण डॉक्टरने पहिला प्रश्न केला. काही औषध घेतलंय का, फवारणीचं? त्या वर्षांत पोट धरून आलेल्या माणसाला तो प्रश्न विचारावाच लागायचा. मी गोंधळले. मामाजी स्ट्रेचरवर पडल्या पडल्या म्हणाले, "मले वावर नाही न डॉक्टरसाहेब. मी फिटर व्हतो."

वॉर्डात गेल्यावर समजलं तो प्रश्न का. समोरच्या खाटेवर पांढरकवड्याकडचा, फवारणीचं औषध प्यालेला एक जवान शेतकरी होता, आणि त्याची बायको त्याच्या पायाशी बसली होती. मामाजी तोंड फिरवून भिंतीकडे पाहायचे, तरी पुन्हा त्यांचं लक्ष तिकडेच जायचं.

आमच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्याच होत्या. रक्त तपासलं, संडास तपासायला पाठवली, हगवणीचे जंतू आहेत का ते बघायला. पोटाचा स्कॅन झाला. मग त्यांनी खाटेजवळ बसून समजावलं. अंगातलं पाणी कमी झालं, वर गोळ्या चालूच, म्हणून बीपी पडलं. बीपी पडलं की शरीर आधी मेंदू आणि हृदय सांभाळतं, आतड्याचा वाटा कमी करतं. मोठ्या आतड्याच्या डाव्या वळणावर दोन रक्तवाहिन्यांची टोकं भेटतात, तिथे आधीच रक्त जेमतेम पोचतं. तो भाग सुजला, आतलं अस्तर सोलवटलं, म्हणून कळ आणि रक्त. कॅन्सरसारखं स्कॅनमध्ये काही दिसत नाही, पण पुढे आतून बघूनच पक्कं सांगता येईल.

"कालव्याच्या शेवटच्या वावरासारखं," मामाजी म्हणाले.

"तसंच," त्या म्हणाल्या. "पाणी परत सोडलं की बहुतेकांचं वावर सावरतं."

बहुतेकांचं, हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला आणि पुढचंही लपवलं नाही. आतड्याचा तुकडाच मेला तर पोट लाकडासारखं घट्ट होतं, ताप चढतो, मग ऑपरेशन करावं लागतं. म्हणून त्या दर काही तासांनी येऊन पोट चाचपत. तोंडाने काही द्यायचं नाही, सलाईन आणि अँटिबायोटिक शिरेतून. मला काम दिलं होतं संडासाचा रंग बघून सांगायचं.

आणि ते मी केलं. पहिल्यांदा भांडं ओढून घेतलं तेव्हा मामाजींनी डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, "मामाजी, मी नाही पाहिलं तं डॉक्टरले सांगीन काय?" त्यांनी मान हलवली, पण डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी नवरा ट्रक पांढरकवड्याला लावून धावत आला, त्याला ते जमेना. बाहेर जाऊन उभा राहायचा.

रक्त आधी गडद झालं, मग कमी झालं, मग थांबलं. पोट मऊच राहिलं. बीपी वर आलं. एका सकाळी त्यांनी स्वतःहून सांगितलं, "आज पिवळी झाली." आमच्या नात्यातलं ते सगळ्यात मोकळं वाक्य असेल. मग पेज, मग मऊ भात सुरू झाला.

समोरची खाट तोवर रिकामी झाली होती. ती बाई कधी गेली ते आम्ही दोघांनीही पाहिलं नाही. मला एकदम फार हायसं वाटत होतं आणि त्या खाटेकडे नजर गेली की ते हायसं वाटणं अडखळायचं. मामाजींनीही तिकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्या पोट्ट्या डॉक्टरनं दारात विचारलं, ते बरं केलं. सगळ्याइले विचारलं पाह्यजे."

सुट्टी देताना डॉक्टरीणबाईंनी पाण्याची गोळी बंद केली, बीपीची लहान करून दिली, आणि उलटी-जुलाब असले किंवा जेवण सुटलं तर आधी आम्हाला विचारा, मग गोळी घ्या, असं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. दीड-दोन महिन्यांनी नागपूरला जाऊन कॅमेऱ्याची तपासणी केली. आतडं भरून आलं होतं, वाट कुठे अरुंद झाली नव्हती, गाठबिठ काही नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी पडद्यावर तो गुलाबी बोगदा मामाजींना दाखवला. ते चष्मा लावून, जिनिंगमधल्या नव्या पट्ट्याकडे बघावं तसे बघत राहिले.

पुढे बरीच वर्षं ते चांगले होते. मी पदर घेत राहिले, सवयीने. पण सकाळी चहा देताना ते आपणहून सांगायचे, पोट साफ झालं, चक्कर नाही, काल पाणी कमी प्यायलो. एकदा त्यांचा जिनिंगमधला जुना सोबती आला आणि सारखा भिंत धरून उठतोय असं दिसलं, तेव्हा मामाजींनी मला हाक मारून बाहेर बोलावलं आणि त्याच्यासमोरच म्हणाले, "याले विचार, संडास कशी होते. तुले सांगन तो. मले लाजून राह्यला."

तो म्हातारा खरंच लाजला होता. पण त्याने सांगितलं.